मदत हवी आहे: चिनी अ‍ॅपमधून स्मार्ट प्लग जोडला जात नाही

रेवा_०७
आईच्या पलंगाजवळच्या दिव्यासाठी स्मार्ट प्लग घेतला. तिचे गुडघे दुखतात, रात्री उठून बटणापर्यंत जायला नको म्हणून. त्याचं अ‍ॅप संपूर्ण चिनी भाषेत आहे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करत एकेक पान पुढे सरकतेय. खातं उघडलं, प्लग निवडला, वायफायचं नाव-पासवर्ड टाकला. तिथे 2.4GHz ला हिरवी खूण आणि 5GHz ला लाल फुली दाखवलीय. पुढच्या पानावर दिव्याचं चित्र आणि खाली खूण करायचा चौकोन. भाषांतर येतं, "दिवा लुकलुकत असल्याची खात्री करा". लुकलुकतोय, म्हणून खूण करते. मग आकडा फिरत राहतो आणि दोनेक मिनिटांनी "अयशस्वी". सात-आठ वेळा झालं. आमच्या राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव आहे.

सदानंद_के
कारण तुम्हीच लिहिलंय. प्लगला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ बंद करा, फोन आपोआप २.४ वर येईल आणि प्लग जोडला जाईल. आमच्याकडे असंच झालं होतं.

मिहिरा
फोनची भाषा इंग्रजी करून अ‍ॅप पुन्हा उघडा. बरीच अ‍ॅप्स फोनचीच भाषा उचलतात.

रेवा_०७
मिहिरा, करून पाहिलं, अ‍ॅप चिनीच राहतं. तसंही भाषेचं मी निभावून नेतेय, अडलंय ते जोडणीत. सदानंददादा, ५ बंद केलं, फोन २.४ वर आहे हे तपासलं. तरी तेच.

तारवाला
ताई, एक मोजून सांगा. प्लगचा दिवा सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकतोय की दोन-तीन सेकंदांनी एकदा? आणि त्या चौकोनाशेजारची चिनी अक्षरं 快闪 आहेत की 慢闪?

रेवा_०७
तीन सेकंदांनी एकदा. अक्षरं 快闪.

तारवाला
मग गाठ तिथेच आहे. 快闪 म्हणजे भरभर लुकलुकणं, 慢闪 म्हणजे सावकाश. तुमच्या भाषांतराने दोन्हींचं नुसतं "लुकलुकणं" केलं. हे दिव्याचे निव्वळ वेग नाहीत, जोडणीच्या दोन वेगळ्या रीती आहेत. भरभर असताना प्लग नुसता कान देऊन बसतो आणि फोन घरच्या वायफायवरून नाव-पासवर्ड हवेत सोडतो. सावकाश असताना प्लग स्वतःचा हॉटस्पॉट उघडतो आणि फोनने त्याला जाऊन जोडायचं असतं. तुमचा प्लग हॉटस्पॉट उघडून वाट बघतोय, अ‍ॅप मात्र हवेत बोलतंय. ते दोघं भेटणार कसे?

प्लगचं बटण पुन्हा पाच सेकंद दाबून धरलंत तर बहुतेक प्लग दुसऱ्या रीतीत जातो. पण एकच नाव असलेल्या राउटरवर मी सावकाशवालीच निवडतो. त्याच पानावर वर कोपऱ्यात रीत बदलायची जागा असते, तिथे 热点 म्हणजे हॉटस्पॉट शोधा. यात फोन कुठल्या बँडवर आहे याने फरक पडत नाही, ५ बंद ठेवायची गरज नाही. सदानंदरावांचा उपाय भरभरवाल्या रीतीत उपयोगी पडतो, म्हणून त्यांचं काम झालं.

रेवा_०७
热点 सापडलं! फोनच्या वायफाय यादीत प्लगचं नाव आलं, जोडलं, अ‍ॅपमध्ये परतले आणि पुन्हा अयशस्वी. यादीत पाहिलं तर फोन घरच्या वायफायवर परत गेलेला.

तारवाला
प्लगच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन तो सोडून देतो. मोबाइल डेटा बंद करा. "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का" असं फोन विचारेल, तिथे हो म्हणा. ही सूचना फोनची असते, त्यामुळे मराठीतच येईल. एवढं करून फसलं तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. प्लग तिथे दिसला तर वायफायचं काम झालंय, अडचण अ‍ॅपच्या खात्याकडे आहे. नसेल तर पासवर्ड पुन्हा टाका. राउटरची सुरक्षा फक्त WPA3 वर असेल तर ती WPA2 करून बघा, जुन्या चिपना WPA3 जमत नाही.

रेवा_०७
झालं! डेटा बंद केला, सूचनेला हो म्हटलं, अर्ध्या मिनिटात प्लग यादीत. मग ५ पुन्हा चालू केलं, तरी प्लग टिकून आहे. आईने फोनवरून दिवा तीनदा लावून-विझवून पाहिला. तारवालादादा, खूप आभार.

आता त्याच अ‍ॅपमधला बल्ब राहिलाय. त्याला बटण नाही. भिंतीवरच्या बटणाने तीनदा चालू-बंद केलं की तो भरभर लुकलुकतो, पण सावकाशवर काही येत नाही.

तारवाला
भरभर लुकलुकू लागल्यावर पुन्हा तीनदा चालू-बंद करून बघा. काही बल्बना पाचदा लागतं, आणि मध्ये एक-एक सेकंद थांबावं लागतं. तुमच्या बल्बचा आकडा त्याच्या कागदावरच मिळेल.

सदानंद_के
किंवा बल्बपुरतं ५ बंद करा आणि भरभरच ठेवा. मी तरी तेच करेन.

रेवा_०७
कागदही चिनीच आहे. उद्या कॅमेरा धरून बघते, आणि या वेळी अक्षरं इथे उतरवून टाकते.