लॉक-इन संपला की घरमालकाची महिन्याची नोटीस पुरते का?

कोथरूडकर: रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स, 24 महिने, 1 एप्रिल 2025 पासून. लॉक-इन 6 महिन्यांचा. 3 जानेवारीला मालकांची नोटीस हातात पडली: मुलगा परत येतोय, स्वतःसाठी घर हवंय, करारातल्या रद्द करण्याच्या कलमानुसार 31 जानेवारीला ताबा द्या. मुलीची शाळा एप्रिलपर्यंत आहे. जावंच लागेल का?

मंदार: लॉक-इन संपलाय, महिन्याची नोटीस मिळालीये. कारण देण्याचीही गरज नव्हती. सही करताना मान्य होतं ना?

सुलभाताई: असं कसं? गिरगावात आमच्या पागडीच्या खोलीसाठी मालकाने हेच कारण दिलं होतं. गरज खरी आहे का, आणि बाहेर पडल्यास आमचे हाल किती, हे कोर्टाने दोन्ही बाजूंनी पाहिलं.

रेखा: ताई, ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 16, जुन्या भाडेकरूंचं. लिव्ह अँड लायसन्सला ते लागत नाही, म्हणून मालकाच्या गरजेवर इथे वाद घालून उपयोग नाही. कोथरूडकर, करारातलं ते वाक्य जसंच्या तसं टाका.

कोथरूडकर: 'भाडे थकविल्यास किंवा अटींचा भंग केल्यास मालकास एक महिन्याच्या लेखी नोटिशीने परवाना रद्द करता येईल, तसेच परवानाधारकासही एक महिन्याची नोटीस देऊन जागा सोडता येईल.' भाडं एकदाही थकलेलं नाही.

रेखा: मग खरी मेख इथेच आहे. ऑनलाइन नोंदणीच्या अनेक करारांत हेच वाक्य असतं आणि लोक ते 'दोघांनाही महिन्याची नोटीस' असं वाचतात. तुम्ही कारणाशिवाय जाऊ शकता, पण मालकांना थकबाकी किंवा भंग दाखवावा लागतो. स्वतःचा वापर त्यात बसत नाही. शिवाय 3 ते 31 जानेवारी हा महिनाही भरत नाही. हे दोन्ही मुद्दे लेखी कळवा आणि भाडं बँकेतूनच भरत राहा. एक हप्ता चुकला की कलम त्यांच्या बाजूने फिरेल.

विद्याधर: मी घरमालक आहे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे तळमजल्याचं घर हवं होतं, आणि माझंच घर मला मिळेना. कायद्याचा कीस काढून माणूस अडवायचा का?

रेखा: तुमची अडचण खरी आहे, म्हणूनच करार करतानाच 'कोणत्याही कारणाशिवाय' असं लिहून घ्यायला हवं.

मंदार: पण ते गेलेच नाहीत तर दुप्पट भाडं लागतं.

रेखा: त्याच कायद्याच्या कलम 24 मधलं दुप्पट भाडं मुदत संपल्यावर, म्हणजे इथे 31 मार्च 2027 नंतर राहिल्यास.

मंदार: रद्द केला की मुदत संपलीच की!

रेखा: कायद्यातला शब्द 'मुदत संपणे' आहे. मधेच रद्द केलेल्या करारासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची वाट धरायची की दिवाणी दाव्याची, यावर वकीलही भांडतात. कोथरूडकर, त्यापेक्षा एप्रिलअखेर सोडतो, डिपॉझिट चावी देतानाच परत, असं लिहून पाठवा.

विद्याधर: एप्रिलअखेर मीही मान्य केलं असतं. पण मुलगा फेब्रुवारीत आला, तर त्याने कुठे राहायचं?