गाळणी लावून मानवी मजकूर वेगळा काढता येईल का?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

शब्दांच्या वारंवारितेच्या अभ्यासासाठी मला माणसांनी लिहिलेल्या आजच्या मजकुराचा एक संदर्भसंग्रह उभा करायचा आहे, म्हणजे पुढे कोणताही संशयित मजकूर त्याच्याशी ताडून पाहता येईल. जालावर यंत्रलिखित मजकूर फार वाढला आहे, हे मला मान्य आहे. पण यंत्रलेखन ओळखणारी साधनेही आहेतच. दहा हजार लेख उतरवून घ्यावेत, साधन ज्यांवर बोट ठेवील ते काढून टाकावेत आणि उरलेले वापरावेत, यात एवढे अवघड काय आहे? माझ्या मते ही अडचण वाढवून सांगितली जाते.

तळटीप

आपलेच दहा हजार लेख घेऊन हिशेब करून पाहू. त्यांतले निम्मे यंत्राने लिहिलेले आहेत असे धरू. ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये असे एक ओळखसाधन खुले केले होते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के पकडत होते आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्के चुकून यंत्राच्या खात्यात टाकत होते. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. ते आपल्या संग्रहाला लावले, तर यंत्राचे १,३०० लेख बाहेर जातील आणि ३,७०० आत राहतील. माणसांचे ४५० लेख विनाकारण जातील आणि ४,५५० उरतील. म्हणजे ८,२५० लेखांच्या ‘शुद्ध’ संग्रहात जवळपास ४५ टक्के मजकूर यंत्राचाच असेल. एवढा खटाटोप करून आपण पन्नासावरून पंचेचाळीसवर आलो.

ते साधन कच्चे होते, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणतो. ९० टक्के पकडणारे आणि केवळ ५ टक्के वेळा चुकणारे साधन मिळाले असे समजा. तरीही ५,२५० लेखांत ५०० यंत्राचे उरतात. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती विनाकारण बाहेर गेलेल्या २५० लेखांची, कारण ते सरसकट कुणाचेही नसतात. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावर ही साधने बरीचशी विसंबून असतात. त्यामुळे साधे, नेहमीचे शब्द वापरणारा माणूस त्यांना यंत्रासारखा दिसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध अशा सात साधनांना दाखवले, तेव्हा ते सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले गेले. आपल्याला मोजायची आहे शब्दांची वारंवारिता, आणि ही गाळणी नेमके वारंवार येणारे शब्द वापरणारे लेखक वगळते. ज्या पट्टीने मोजायचे तीच आधी वाकवून घेतल्यासारखे हे आहे.

जुनेपान

मग गाळणीच्या भानगडीत पडायचेच कशाला? चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले. त्याआधीची तारीख असलेला मजकूर तेवढा घ्यावा आणि नंतरच्या मजकुराला हातच लावू नये. अणुस्फोटांनंतर तयार झालेल्या पोलादात हवेतील किरणोत्सारी कण उतरले, म्हणून अतिसंवेदनशील मापनयंत्रांसाठी १९४५पूर्वीचे पोलाद शोधले जाई आणि १९१९मध्ये स्कापा फ्लो येथे बुडालेल्या जर्मन युद्धनौकांचे पत्रे त्यासाठी काढले गेले. मजकुराचेही तसेच करावे.

तळटीप

निम्मी गोष्ट आपण बरोबर सांगितली. जुना मजकूर हाच आज सर्वांत भरवशाचा आहे. मात्र जहाज कधी बुडाले याची नोंद असते. पानावरची तारीख ही त्या पानाच्या मालकाने केलेली घोषणा असते. मुदत संपलेले जुने संकेतस्थळ कोणी विकत घेतो, त्यात नवा मजकूर भरतो आणि वर २०१८ची तारीख तशीच ठेवतो. जुन्या लेखाची अलीकडे यंत्राकडून ‘उजळणी’ करून घेतली तरी प्रकाशनाची तारीख बदलत नाही. त्यामुळे विश्वास ठेवायचा तो पान उतरवून घेतल्याच्या नोंदीवर. जालावरची पाने नियमित उतरवून ठेवणाऱ्या कॉमन क्रॉलच्या संग्रहात प्रत्येक नोंदीला `WARC-Date` असते आणि ती पानाचा मालक नव्हे, तर उतरवून घेणारा लिहितो. ती नोव्हेंबर २०२२पूर्वीची असेल, तर तो मजकूर निदान तेव्हा अस्तित्वात होता एवढे नक्की.

‘अस्तित्वात होता’ म्हणजे ‘माणसाने लिहिला होता’ असे मात्र नव्हे. यांत्रिक भाषांतर त्याच्या कितीतरी आधीपासून जालावर साचत आले आहे. ज्या भाषांत मुळातच कमी लिहिले जाते, त्यांच्या वाट्याला एकाच पानाचे अनेक भाषांत यंत्राने भाषांतर करून तयार झालेला मजकूर अधिक येतो, असे २०२४च्या एका अभ्यासात दिसले. मोठ्या भाषेत अशी पाने गर्दीत हरवतात. लहान भाषेत तीच गर्दी असतात.

आणि गोठवलेला संग्रह म्हातारा होतो, त्याचे काय करायचे? अनेक भाषांतील शब्दांची वारंवारिता देणारा `wordfreq` हा प्रकल्प रॉबिन स्पीअर यांनी कित्येक वर्षे चालवला. त्यातील माहिती साधारण २०२१पर्यंतची आहे. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी जाहीर केले की, यापुढे तो अद्ययावत होणार नाही. एक कारण हेच, की जालावरचा मजकूर आता माणसांच्या वापराचा पुरावा म्हणून घेता येत नाही. दुसरे कारण कमी चर्चिले जाते: सहज बोलल्यासारखी भाषा ज्या समाजमाध्यमांवरून मिळत असे, त्यांनी आपली दारे बंद केली किंवा त्यावर मोठी किंमत लावली. म्हणजे ओढ्यात गाळ आला आणि स्वच्छ झऱ्याला त्याच सुमारास कुलूप लागले.

पूर्णविराम

मी शिकवतो. विद्यार्थ्यांचे निबंध यंत्राने लिहिलेले आहेत का हे तपासण्यासाठी सध्या कोणते साधन घ्यावे, एवढेच कोणी सांगितले तर बरे होईल. वर टक्केवारीच फार झाली.

तळटीप

पूर्णविराम, वरची टक्केवारी आपल्याच वर्गाची आहे असे समजून पुन्हा वाचा, ही विनंती. एका विद्यार्थ्यावर आरोप करण्याजोगे साधन मला ठाऊक नाही.

पण आपल्या प्रश्नामुळे एक उपयोगी भेद समोर आला. कोणता लेख यंत्राचा हे सांगणे जेथे जमत नाही, तेथेही एकूण ढिगात यंत्राचा वाटा किमान किती, हे कधी कधी सांगता येते. वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत ‘डेल्व्ह्ज’सारखे इंग्रजी शब्द २०२३नंतर एकाएकी वाढले. आधीच्या वर्षांच्या चालीवरून जेवढे अपेक्षित होते, त्याहून अधिक आलेले असे शब्द मोजून काही संशोधकांनी अंदाज बांधला की, २०२४च्या सारांशांपैकी किमान १३.५ टक्क्यांवर यंत्राचा हात फिरला आहे. एकाही लेखकाकडे बोट न दाखवता हे करता आले, कारण तुलनेला जुन्या वर्षांचा स्वच्छ संग्रह हाताशी होता. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, गढूळपणा मोजायलाही आधी स्वच्छ पाणी लागते.

कोरापाटी

जालावरून उचलण्याऐवजी माणसांकडून मुद्दाम लिहवून घ्यावे, असे आता कोणीतरी सुचवील म्हणून माझा अनुभव सांगतो. एका कामासाठी मी चाळीस जणांना एक छायाचित्र पाठवले आणि त्यावर तीनशे शब्द मोबदला देऊन लिहवून घेतले. छायाचित्र भर दुपारचे होते: रिकामे बाक, खाली झोपलेला कुत्रा, सावली बाकाच्या पायांशीच संपलेली. आलेल्या मजकुरांपैकी सात जणांच्या लिखाणात मावळतीची सोनेरी किरणे होती आणि त्यांपैकी एकाच्याही लिखाणात कुत्रा नव्हता. त्या सातांपैकी कोणी छायाचित्र नीट पाहिले असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या फेरीत चिकटवण्याची सोय बंद केली आणि कळफलकाची नोंद ठेवली. आता मजकूर दुसऱ्या पडद्यावरून बघून टंकला जाऊ लागला, पण तो नोंदीत कळतो. स्वतः रचणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, चार शब्द मागे जाऊन खोडतो, कधी पहिला परिच्छेद शेवटी बदलतो. उतरवून घेणाऱ्याच्या खोडण्या एकेका अक्षराच्या असतात आणि थांबे विरामचिन्हांपाशी येतात. तरी दोन नोंदींबद्दल मला अजूनही ठरवता आलेले नाही. काही माणसे मनात सगळे जुळवून मगच लिहायला बसतात.

तळटीप

कोरापाटी यांच्या अनुभवाला आधार आहे. २०२३मध्ये मेकॅनिकल टर्क या मोबदल्यावर लहानसहान कामे करवून घेणाऱ्या संकेतस्थळावरच्या कामकऱ्यांना वैद्यकीय सारांश आणखी लहान करायला दिले होते, तेव्हा ३३ ते ४६ टक्के जणांनी यंत्राची मदत घेतली असावी असा अंदाज निघाला. नमुना लहान होता आणि कामही यंत्राला सोपवण्याचा मोह व्हावा असेच होते, त्यामुळे तो आकडा सगळीकडे लावू नये. पण ‘पैसे देऊन लिहवले म्हणजे माणसाचे’ हे समीकरण तेव्हाच मोडले.

नीरक्षीर

मला या सगळ्या चर्चेचे गृहीतकच पटत नाही. शुद्धलेखन तपासणारे, पुढचा शब्द सुचवणारे साधन वापरून लिहिणारा माणूस आपण इतकी वर्षे माणूसच धरला. आता तो एक परिच्छेद यंत्राकडून घासूनपुसून घेतो, तर त्याला संग्रहाबाहेर काढणार? शिवाय यंत्राचे लाडके शब्द लोक बोलतानाही वापरू लागले आहेत; इंग्रजीत ध्वनिमुद्रित व्याख्यानांवर केलेल्या एका अभ्यासात ते दिसले आहे. भाषेचा अभ्यासक लोक काय वापरतात ते टिपतो. लोकांनी ते कोठून उचलले यावरून त्यांना पास-नापास करणे हे त्याचे काम नव्हे. सोवळ्यातली भाषा गोळा करण्याचा हा प्रयत्न निरुपयोगी आहे.

तळटीप

बोलण्याचा दाखला आपल्या बाजूचा आहे आणि तो मी नाकारत नाही. उलट त्यामुळे माझीच पंचाईत होते, कारण वर सांगितलेली जास्तीच्या शब्दांची मोजणी दरवर्षी कमी भरवशाची होणार: शब्द वाढला तो यंत्राने लिहिल्यामुळे की माणसाने शिकल्यामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण हा प्रश्न विचारायचा असेल, तरी यंत्राचे आणि माणसाचे लेखन वेगळे नोंदवायला हवे. मी कोणाला बाहेर काढा म्हणत नाही. प्रत्येक लेखाबरोबर तो कधी, कोणाकडून, कोणत्या साधनाने आला याची नोंद ठेवा, एवढेच म्हणतो. सगळे एकत्र कालवले की माणसाने शिकलेला शब्द आणि यंत्राने छापलेला शब्द पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

नीरक्षीर

नोंद लेखकच देणार ना? त्याने खोटे सांगितले तर आपण पुन्हा पानावरच्या तारखेपाशीच आलो.

शब्दवेल्हाळ

गाळणीबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेतो; पंचेचाळीस टक्क्यांचा हिशेब मी दोनदा करून पाहिला. आता दोन संग्रह करायचे ठरवतो आहे: एक नोव्हेंबर २०२२पूर्वी उतरवलेल्या पानांचा, तोही भाषांतरित पाने वगळून, आणि दुसरा दहा हजारांऐवजी जेमतेम सहाशे लेखांचा, कच्च्या खर्ड्यांसकट मागून घेतलेल्या. अडचण वाढवून सांगितली जाते हे माझे मत मात्र पूर्ण बदललेले नाही. काम अशक्य नाही, महाग आहे.

कोरापाटी

खर्डे द्यायला कोण तयार होते ते आधी पाहा. माझ्याकडे कळफलकाची नोंद ठेवू देण्यास होकार देणारे जवळजवळ सगळे सवयीने लिहिणारे निघाले. क्वचित लिहिणाऱ्यांनी, ज्यांचे साधे शब्द आपल्याला हवे आहेत त्यांनी, ‘चुका दिसतील’ म्हणून नकार दिला. सहाशे लेख मिळतील, पण ते कोणाचे असतील हा प्रश्न माझ्याकडून तरी सुटलेला नाही.