मदत हवी आहे: दुकानातल्या जुन्या फोनची बॅटरी फुगली आहे, टोचून हवा काढू का?

म्हापशेकर_दुकान:
म्हापशाला आमच्या दुकानात एक जुना फोन कॅमेरा म्हणून लावलाय. पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या डब्यात बसवलाय आणि दीड वर्ष चार्जर लावलेलाच आहे. बॅटरी ४००० एमएएचची. आता मागचं झाकण एका बाजूने ३ मिमी उचललंय. फोन व्यवस्थित चालतो, गरमही होत नाही. एकाने सांगितलं की सुईने बारीक भोक पाडून हवा काढायची आणि वरून टेप लावायची. चालेल का? की पावसाळ्यातल्या दमटपणाने झालंय आणि वाळवलं की बसेल?

रानवारा:
गोव्याच्या दमट हवेचाच परिणाम. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवा.

सेल_आणि_सर्किट:
रानवारा, दमट हवेने चार्जिंगचा सॉकेट आणि कनेक्टर गंजतात, तेवढं तुमचं बरोबर. पण बॅटरीची पिशवी अ‍ॅल्युमिनियमच्या थराची आणि चारही बाजूंनी सीलबंद असते, बाहेरचा ओलावा आत जात नाही. फुगवणारा वायू आतच तयार होतो, त्यामुळे तांदळाचा काही उपयोग नाही.

दुकानदार बाब, तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आल्या: कायम १००% चार्ज आणि उष्णता. पूर्ण चार्ज असताना आतलं रसायन सगळ्यात अस्वस्थ असतं. धन बाजू इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आतल्या द्रवाचं, विघटन करत राहते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात. पत्र्याखालच्या बंद डब्यात उन्हाळ्यात ४०-४५ अंश सहज होतात, तिथे हा वेग खूप वाढतो. वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून पिशवी फुगते. ती परत बसत नाही.

सुई अजिबात नको. आत तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची पत्री, मध्ये कागदापेक्षा पातळ पडदा. सुई तो पडदा फोडून दोन्ही बाजू जोडते, शॉर्ट होऊन बॅटरी पेट घेऊ शकते. शिवाय हवेतली वाफ आत गेली की इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो विषारी आहे.

आणि "फोन चालतो" हा निकष इथे लागू नाही. वायूने थर एकमेकांपासून सुटले की वीज काही ठिकाणी जास्त वाहते, तिथे लिथियम साचतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होतो. क्षमता ८०% वर आली म्हणून बॅटरी बदलायची की नाही हा सोयीचा प्रश्न. पण दिसण्याइतकी फुगली, पिशवी दुमडली-चेपली, गोडसर थिनरसारखा वास आला किंवा फोन बंद असताना गरम लागली, तर तिथेच वापर संपला.

सांजवेळ:
माझा फोन तर सहा महिने कपाटात बंद होता, चार्जरच नव्हता. तरी फुगला. मग हे कसं?

सेल_आणि_सर्किट:
सांजवेळताई, तो उलटा प्रकार. बंद फोनही थोडी वीज खातो. सेल फार खाली उतरला तर आत वायू सुटून तो फुगतो आणि आतलं तांबं विरघळायला लागतं. अशी बॅटरी पुन्हा चार्ज केली की ते तांबं भलतीकडे साचतं आणि शॉर्टचा धोका होतो. तुमचाही चार्जरला लावू नका. यापुढे फोन ठेवून द्यायचा असेल तर ५०% च्या आसपास चार्ज करून बंद करा.

म्हापशेकर_दुकान:
मग आत्ता नेमकं काय करू? १००% दाखवतोय.

सेल_आणि_सर्किट:
चार्जर काढा, फोन बंद करा, झाकण दाबून बसवू नका. उघड्यावर सावलीत फरशीवर ठेवा, जवळ पुठ्ठा, कापड नको. हाताशी पत्र्याचा डबा आणि कोरडी बांधकामाची वाळू असू द्या. समुद्रकिनाऱ्याची वाळू घेऊ नका, तिच्यातलं मीठ ओलावा धरतं आणि वीज वाहू शकते. बॅटरी दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या: आधी कनेक्टर सोडायचा, मग गोंद सैल करायचा, लोखंडी पाते खुपसायचं नाही. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना टेप लावून ती वाळूच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट नको.

फोंड्याचा_रिपेअर:
एक मतभेद. आम्ही काढण्याआधी फोन २५% च्या खाली उतरवतो. पेटलीच तर आग कमी जोराची असते. ४००० एमएएच म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण १५ वॉट-तास साठलेले, ते कमी झालेलं बरं.

सेल_आणि_सर्किट:
चांगल्या बॅटरीसाठी मान्य. फुगलेली तासनतास चालू ठेवणं मला पटत नाही, कारण वापरानेही ती तापते.

फोंड्याचा_रिपेअर:
स्क्रीनचा उजेड कमी करून, बाहेर ठेवून, समोर बसून. तुमचा आक्षेप कळला, पण भरलेली बॅटरी हातात घेऊन गोंद सोडवायचा म्हणजे मला तो जास्त धोका वाटतो.

रानवारा:
मिठाच्या पाण्यात टाकली की उतरते ना?

फोंड्याचा_रिपेअर:
टोकं गंजून तुटतात आणि वीज अर्धवट आतच राहते. मग ती रिकामी आहे असं समजून लोक निष्काळजी होतात. नको.

म्हापशेकर_दुकान:
आणि टाकायची कुठे?

सेल_आणि_सर्किट:
ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरणाऱ्यानेही ती वेगळी द्यायची आहे. पंचायत-नगरपालिकेत किंवा गोवा वेस्ट मॅनेजमेंट कॉर्पोरेशनकडे ई-कचरा कुठे स्वीकारतात ते विचारा आणि "फुगलेली आहे" हे आधीच सांगा. कुरिअरने पाठवू नका.

नवी टाकलीत तर डबा पत्र्यापासून खाली आणा, भोकं पाडा, आणि फोनमध्ये ८०% वर थांबायची सोय असेल तर लावा. नसेल तर चार्जरला टायमर लावून दिवसातून थोडाच वेळ चालू ठेवा. किती वेळ, ते तुमचा फोन किती खातो त्यावर ठरेल. दोन दिवस टक्केवारी लिहून ठेवा आणि इथे कळवा.