आबाजींसाठी मेसेज: ‘उद्या’ नको, वार लिहा

“शॉर्टफॉर्म काढून पूर्ण शब्द लिहिले, तरी आबाजींचा घोळ होतोच,” अशी तक्रार असते.

घोळ बहुतेक ‘उद्या’चा असतो. आमचे आबाजी वावरातून आल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज वाचतात. तोवर ‘उद्या’ उलटून जातो. पुतण्याचा “udya 4 la yeto, psbk rdy theva” मी असा केला:

आबाजी, मी सोमवारी येतो.

दुपारी ४ वाजताच्या एसटीने येतो.

बँकेचं पासबुक काढून ठेवा.

एका ओळीत एकच गोष्ट, मध्ये रिकामी ओळ. ते शब्दाखाली बोट ठेवून वाचतात. बोट दाबून राहिलं की व्हॉट्सॲपवर मेसेज निवडला जातो, वर डिलीटची खूण येते अन् ते घाबरून फोन ठेवतात. आखूड ओळ बोटाशिवायही सापडते. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करताना मात्र ओळी तुटत नाहीत ना, हे त्यांच्याच फोनवर पाहा.