विक्री अहवालातली टिपणी: पाऊस हे कारण की सबब?

रंगपेटी: नाशिक जिल्हा, बाहेरच्या भिंतींचा रंग, जुलै. टार्गेट ४०,००० लिटर, सरासरी २५० रुपयांनी १ कोटी. झालं ३६,००० लिटर, सरासरी २४० रुपयांनी ८६.४० लाख. टिपणी अशी गेली: "संततधार पाऊस व बाजारातील मंदीमुळे विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहिली. टीम सर्वतोपरी प्रयत्न करत आहे." साहेबांनी 'ही कारणं नव्हेत' म्हणून परत पाठवली. पण पाऊस तर खरंच होता! मग लिहायचं काय?

ताळमेळ: आधी तूट लिहा, १३.६० लाख. मग तिचे दोन भाग करा. ४,००० लिटर कमी गेले, त्याचे टार्गेटच्या भावाने १० लाख. जे ३६,००० लिटर गेले त्यावर लिटरमागे १० रुपये कमी मिळाले, त्याचे ३.६० लाख. बेरीज जुळली की मगच शब्दांना हात लावा, आणि ज्या शब्दापुढे रक्कम मांडता येत नाही तो खोडा. 'मंदी' लगेच जाईल. 'सर्वतोपरी प्रयत्न' तर तफावतीबद्दल काही सांगतच नाही.

डेपोवाला: पाऊसही खोडायचा? ओल्या भिंतीवर प्रायमर मारून दाखवा एकदा.

ताळमेळ: जुलैत पाऊस पडणार हे टार्गेट ठरवताना धरलेलंच असतं, म्हणून तर ते मार्चपेक्षा कमी असतं. जास्तीच्या पावसाने विक्री गेली असेल तर ते तालुकावार दिसेल. इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस झोडपतो, सिन्नर-येवल्याला त्या मानाने कोरडं असतं. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर दोष पावसाचा नाही. आणि ऑर्डरवही काढा. आलेली ऑर्डर आपण पुरवली नाही, तिथे ढगांचा काय संबंध?

घाऊक_किराणा: आमच्याकडे टार्गेटच नसतं, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो. तेवढं पुरतं.

ताळमेळ: सणाच्या महिन्यात फसाल. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. माल त्याआधी उचलला जातो. दोन्ही महिने एकत्र धरून तुलना करा.

रंगपेटी: वही काढली. २० लिटरच्या बादल्या ११ ते १९ जुलै डेपोत नव्हत्या, १२० बादल्यांच्या ऑर्डर पडून राहिल्या, म्हणजे २,४०० लिटर. दोन डीलरची उधारी थकल्याने त्यांचा १,००० लिटर माल रोखला होता. उरले ६००. त्यातले ४०० इगतपुरी-त्र्यंबकचे, २०० इकडेतिकडे.

डेपोवाला: म्हणजे पाऊस होताच!

ताळमेळ: होता, १३.६० लाखांत १ लाखाचा. तेवढाच लिहायचा. तोही त्या दोन तालुक्यांत उधारीची किंवा स्टॉकची दुसरी अडचण नव्हती हे तपासून.

सूत्रधार_एक्सेल: भावाचं सोपं आहे. `=(240-250)*36000`, उत्तर उणे ३.६० लाख. 'जादा डिस्काउंट' लिहून मोकळे व्हा.

ताळमेळ: सूत्र बरोबर, निष्कर्ष घाईचा. मोठ्या बादलीत लिटरचा भाव कमी पडतो. बादल्या नऊ दिवस नव्हत्या, म्हणजे विक्रीत छोट्या डब्यांचं प्रमाण वाढलं असणार आणि सरासरी भाव वर जायला हवा होता. तरी तो १० रुपयांनी उतरला. तेव्हा सवलत ३.६० लाखांपेक्षा जास्तच गेली असावी, डब्यांनी थोडी झाकली. पॅकवार भाव काढल्याशिवाय त्या ओळीवर सही करू नका. माझा मसुदा:

"जुलै विक्री ८६.४० लाख, टार्गेटपेक्षा १३.६० लाख कमी. २० लिटर बादली ११ ते १९ जुलै उपलब्ध नव्हती: ६ लाख, ऑर्डर हातात आहेत. थकबाकीमुळे दोन डीलरचा माल रोखला: २.५० लाख. इगतपुरी-त्र्यंबक, जास्तीचा पाऊस: १ लाख. कारण सापडलेले नाही: ५० हजार. सरासरी भाव लिटरमागे १० रुपये कमी: ३.६० लाख, पॅकवार तपासणी चालू."

डेपोवाला: ते ६ लाख ऑगस्टमध्ये येतील. तूट कसली, पुढे ढकललेली विक्री म्हणा.

ताळमेळ: जुलैत तूटच. बादली मिळाली नाही तर रंगकाम करणारा ठेकेदार दुसऱ्या कंपनीची उचलतो, नऊ दिवस थांबत नाही. १२० पैकी किती ऑर्डर अजून जिवंत आहेत ते डीलरला फोन करून विचारा, तेवढ्याच 'पुढे गेल्या' लिहा. आणि ऑगस्टमध्ये त्या वेगळ्या दाखवा, नाहीतर ऑगस्टची टिपणी 'टीमची उत्तम कामगिरी' म्हणून जाईल.

डेपोवाला: ते मान्य. पण 'कारण सापडलेले नाही' असं छापील लिहिलंत की मीटिंगमध्ये बाकीचे १३ लाख सोडून त्याच ५० हजारांवर तासभर सेल्सवाल्याला सोलतात. मी ते उधारीच्या ओळीत ढकलेन.

ताळमेळ: वसुली झाल्यावर २.५० लाखांऐवजी ३ लाखांची विक्री परत आली पाहिजे मग. कुठून आणाल?

रंगपेटी: ७० बादल्यांच्या ऑर्डर अजून आहेत, ५० रद्द झाल्या. पॅकवार भाव उद्या मिळेल. ती ५० हजारांची ओळ तूर्त तशीच ठेवतोय.