रजोनिवृत्तीनंतर डोळ्यांत खुपणे
"पाळी थांबून दीड वर्ष झाले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, तरी पाणीही वाहते. थेंब घालूनही फरक नाही."

या लक्षणांवरून उणीव पाण्यापेक्षा तेलाची असावी, असे मला वाटते. पापण्यांच्या कडांतील मायबोमियन ग्रंथी अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरवतात. अँड्रोजेन संप्रेरके घटली की हे तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजतात, अश्रू लवकर उडून जातात आणि त्या टोचणीनेच डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

माझ्या थोरल्या बहिणीला हाच त्रास होता. ती परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारे रसायन, असलेले थेंब दिवसातून आठ वेळा घालत होती, आणि त्यानेच जळजळ वाढली होती. डॉक्टरांनी परिरक्षकविरहित थेंब दिले आणि दिवसातून दोनदा, दहा मिनिटे, मिटलेल्या पापण्यांवर सोसवेल इतका गरम ओला कपडा ठेवायला सांगितले. कपडा दोन मिनिटांत निवतो, म्हणून तो पुनःपुन्हा गरम करावा लागतो. बहुतेकींचा शेक इथेच फसतो. त्यानंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलकेच चोळावी. तिला फरक जाणवायला सहा आठवडे लागले.

केवळ यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या मागू नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात त्या घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये, कोरडेपणा अधिक आढळला होता.

तोंडही कोरडे पडत असेल, तर शोग्रेन आजाराची तपासणी करून घ्यावी; त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर मंदावली असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.