भाव वर, ओपन इंटरेस्ट खाली: याला 'शॉर्ट कव्हरिंग' म्हणावं का?

विलेपार्ल्याची वाचक: फ्युचर्सच्या तक्त्यात एका शेअरपुढे काल 'शॉर्ट कव्हरिंग' असं लिहून आलं. भाव 1,200 वरून 1,236 वर गेला आणि चालू महिन्याचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे ओआय, 80 लाख शेअरवरून 63 लाखांवर आला. मी या तक्त्यांवर मराठीत टिपणं लिहिते. 'मंदीवाल्यांनी सौदे कापले' असं लिहिलं, तर एका वाचकाने विचारलं, हे तुम्हाला कशावरून कळलं? मंदीवाल्यांनीच कापले, तेजीवाल्यांनी नाही, हे या दोन आकड्यांतून निघतं का?

ठाणेकर: निघतं की. चार खणांचं कोष्टक आहे. भाव वर आणि ओआय वर म्हणजे लाँग बिल्डअप, तेजीचे नवे सौदे. भाव वर आणि ओआय खाली म्हणजे शॉर्ट कव्हरिंग. भाव खाली, ओआय वर म्हणजे शॉर्ट बिल्डअप, मंदीचे नवे सौदे. आणि दोन्ही खाली म्हणजे लाँग अनवाइंडिंग, तेजीवाल्यांनी सौदे कापले. तुमचं वाक्य बरोबर आहे.

लालबागचा: ओआय म्हणजे दिवसभरात झालेले सौदेच ना? माझ्याकडच्या शेअरमध्ये परवा प्रचंड सौदे झाले आणि ओआय मात्र कमी दाखवत होता. तक्ता चुकलाय असं समजून मी सोडून दिलं.

दादरकर: लालबागचे भाऊ, तो व्हॉल्यूम. ओआय म्हणजे दिवसअखेर उभे राहिलेले सौदे. तुम्ही सकाळी घेऊन दुपारी विकलंत तर व्हॉल्यूम दोनदा वाढतो, उभ्या सौद्यांत मात्र तुमच्यामुळे संध्याकाळी काहीच फरक उरत नाही. त्यामुळे व्हॉल्यूम दांडगा आणि ओआय घटलेला, हे अगदी शक्य आहे.

आता ताईंचा मूळ प्रश्न. ठाणेकरांचं कोष्टक सगळीकडे असंच छापलेलं असतं, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. प्रत्येक उभ्या सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. 17 लाखांनी ओआय घटला म्हणजे 17 लाख शेअरची खरेदीची बाजू मिटली आणि तेवढीच विक्रीचीही मिटली. मंदीवाल्याने कापायला जो माल घेतला, तो बाहेर पडणाऱ्या तेजीवाल्याने दिला. मंदीवाला आणि तेजीवाला एकाच वेळी बाहेर पडल्याशिवाय ओआय घटतच नाही.

मग 'शॉर्ट कव्हरिंग' हे नाव कशावरून? फक्त भावावरून. भाव चढला, म्हणजे घेणाऱ्याला घाई होती, वरचा भाव द्यायची त्याची तयारी होती, असा आपला तर्क. तर्क चांगला आहे, बहुतेकदा उपयोगी पडतो, पण तो तर्कच. आकड्याने सांगितलेलं एवढंच की सौदे मिटले.

ठाणेकर: हे मान्य. पण व्यवहारात घाई कोणाची हेच तर बघायचं असतं. दोन्ही बाजू समान असतात म्हणून नावच द्यायचं नाही, हे टोकाचं झालं.

दादरकर: नाव द्या, माझी हरकत नाही. पण उलट बाजूही बघा. शॉर्ट कापणाऱ्याला माल एखाद्या नव्या मंदीवाल्याने दिला तर काय होतं? एक बाहेर, दुसरा आत. ओआय जिथल्या तिथे. म्हणजे खरीखुरी शॉर्ट कव्हरिंग झाली आणि कोष्टकात दिसलीच नाही. 1,236 ला नव्याने विकणारे भरपूर असतील तर असं सहज घडतं.

आणि ताई, तुमच्या उदाहरणात याहून मोठी शंका आहे. ही एक्स्पायरीच्या, म्हणजे चालू महिन्याचे सौदे संपण्याच्या, आठवड्यातली नोंद आहे का? असेल तर पुढच्या महिन्याचे आकडे द्या.

विलेपार्ल्याची वाचक: हो, एक्स्पायरी तोंडावर आहे. पुढच्या महिन्याचा ओआय आदल्या दिवशी 22 लाख, काल 45 लाख. तिसऱ्या महिन्याचा दोन्ही दिवशी 1 लाखच.

दादरकर: आता तिन्ही महिन्यांची बेरीज करा. आधी 80, 22 आणि 1, म्हणजे 103 लाख. नंतर 63, 45 आणि 1, म्हणजे 109 लाख. चालू महिन्यात ओआय जवळपास 21 टक्के घटलेला दिसतो आणि एकूण मात्र सुमारे 6 टक्के वाढलेला आहे. तक्त्याने फक्त चालू महिना बघितला आणि शिक्का मारला. घटलेल्यातला मोठा भाग बहुधा रोलओव्हर आहे: चालू महिन्यातला सौदा मिटवायचा आणि तोच पुढच्या महिन्यात उभा करायचा. याला मंदीवाल्यांची माघार कशी म्हणणार?

ठाणेकर: म्हणजे मग हा लाँग बिल्डअप झाला. भाव वर, एकूण ओआय वर.

दादरकर: इतकंही सरळ नाही. कदाचित 17 लाखांतले 4 लाख कायमचे मिटले, 13 लाख पुढे सरकले आणि 10 लाख नवे आले. कदाचित सगळे 17 सरकले आणि 6 नवे आले. बेरीज दोन्हीकडे तीच येते. दिवसअखेरच्या आकड्यांतून हे वेगळं काढता येत नाही.

मुलुंडवासी: मी बरीच वर्षं आर्बिट्राजच्या टेबलावर काम केलं, म्हणून एक भर घालते. नव्या सौद्यांत विकणारा कोण, हे बघायला हवं. काल या शेअरचा रोखीचा भाव आणि पुढच्या महिन्याच्या फ्युचरचा भाव काय होता?

विलेपार्ल्याची वाचक: रोखीत 1,230. पुढच्या महिन्याचं फ्युचर 1,244.

मुलुंडवासी: 14 रुपयांचा प्रीमियम. म्युच्युअल फंडांचे आर्बिट्राज फंड हेच करतात: 1,230 ला शेअर उचलायचा आणि 1,244 ला फ्युचर विकायचं. एक्स्पायरीपर्यंत दोन्ही भाव जुळतात आणि फरक हातात राहतो. याने ओआय वाढतो, फ्युचरमध्ये शॉर्ट उभा राहतो, पण तो शॉर्ट घेणाऱ्याला शेअर पडो की चढो, काही फरक पडत नाही. भाव चढला म्हणून तो घाबरून कापायला धावत नाही. ज्या शेअरमध्ये असे शॉर्ट जास्त, तिथे 'मंदीवाले अडकलेत, आता कव्हरिंगची तेजी येणार' हे गणित फसतं.

ठाणेकर: मग प्रीमियम बघितला की झालं. प्रीमियम वाढला तर लाँग बिल्डअप, नाहीतर कव्हरिंग.

मुलुंडवासी: नाही हो. कव्हरिंग करणाराही फ्युचरच घेतो, त्यामुळे प्रीमियम त्यानेही फुगतो. प्रीमियमवरून एवढंच कळतं की ओढ फ्युचरकडून आहे की रोखीकडून.

गिरगावचे आजोबा: आमच्या वेळी दलाल स्ट्रीटवर बदला होता, 2001 मध्ये तो बंद झाला. तेव्हाही उभे सौदे पुढे ढकलायचे. मंदीवाल्यांना शेअर उसने मिळेनासे झाले की उंधा बदला लागायचा, म्हणजे मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागायचे. त्यावरून कोण दबावाखाली आहे ते ओळखायचो. आता फ्युचर रोखीपेक्षा स्वस्त मिळतं तेव्हा साधारण तोच वास येतो, पण डिव्हिडंड तोंडावर असला तरी फ्युचर स्वस्त दिसतं, तेवढं जपावं.

लालबागचा: माझ्या शेअरवर तेव्हा बंदी लागली होती हे आत्ता आठवलं. त्याचा काही संबंध?

दादरकर: भरपूर संबंध. ओआय त्या शेअरसाठी ठरलेल्या एकूण मर्यादेच्या 95 टक्क्यांवर गेला की शेअर बंदीत जातो. त्या काळात दिवसअखेर आपली उभी जोखीम कमीच करावी लागते. म्हणजे ओआय बहुधा घटणारच. तेव्हा भाव चढला की कव्हरिंग आणि पडला की अनवाइंडिंग, हे शिक्के बरेचदा नियमानेच उमटवलेले असतात. बंदीतल्या शेअरपुढचं नाव मी वाचतच नाही.

विलेपार्ल्याची वाचक: मग टिपणात असं लिहिते: 'भाव 3 टक्के चढला. चालू महिन्यातले सौदे घटले, पण तिन्ही महिने धरून सुमारे 6 टक्के वाढले. घट बहुधा रोलओव्हरची.' कव्हरिंग हा शब्दच काढला.

ठाणेकर: माझ्या मते 'तेजीचे नवे सौदे' हे शब्द हवेत. वाचकाला दिशा कळायला नको?

मुलुंडवासी: पुढच्या महिन्यात वाढलेले सौदे आर्बिट्राजवाल्यांनी विकले असतील तर समोरचा घेणारा तेजीचा, एवढं खरं. पण तो नवाच आहे की सरकून आलेला, ते कुठे ठाऊक आहे? एक्स्पायरी होऊन चार दिवस जाऊ द्या. नवा महिना एकटा पडला की ओआय आणि भाव पुन्हा बघा, मग शब्द ठरवा.